तासानुसार आणि वारानुसार विक्री पाहून कॅफेतल्या पाळ्या कशा लावाव्यात

तालुक्याच्या गावात कॅफे सुरू करणारे बहुतेक जण पाळ्या अंदाजाने लावतात: दोन माणसे सकाळी, दोन दुपारनंतर, आणि सातही दिवस तीच वेळ. आमच्या विदर्भातल्या कॅफेतही हीच पद्धत होती. एस.टी. स्टँडसमोर जागा, सकाळी ८ ते रात्री ९ अशी वेळ, पाच कामगार, आणि दर गुरुवारी गावचा आठवडी बाजार. बिलांची तासवार मोजणी केल्यावर पाळ्या बदलाव्या लागल्या, पण त्याआधी आकडे नीट वाचायला शिकावे लागले, कारण बिलिंग मशीन जे सांगते त्याचा सरळ अर्थ घेतला तर नेमका उलटा निर्णय होऊ शकतो. ती सगळी पद्धत येथे क्रमाने देत आहे. नवीन माणसाला ती बसवायला अवघड नाही, मात्र तिसरी पायरी कोणीही वगळू नये.

आधी हाताशी काय हवे

- बिलिंग सॉफ्टवेअरमधून काढलेला मागील आठ आठवड्यांचा बिलवार रिपोर्ट, ज्यात तारीख, वेळ, बिल क्रमांक आणि रक्कम असेल.
- त्याच काळाचे हजेरी रजिस्टर. कोणत्या तासाला किती माणसे कामावर होती हे कळल्याशिवाय विक्रीच्या आकड्याचा अर्थ लागत नाही.
- त्या काळातल्या वेगळ्या दिवसांची नोंद: यात्रा, पोळा, एकादशी, गावबंद, दिवसभर लाइन नसणे, मोठा पाऊस.
- गुगल शीट्स किंवा एक्सेल चालेल असा संगणक. मोबाइलवरही होते, पण डोळ्यांना त्रास फार.

ज्यांच्याकडे बिलिंग सॉफ्टवेअर नाही, त्यांनी काउंटरवर एक वही ठेवावी. उभे रकाने तासांचे, आडव्या ओळी तारखांच्या, आणि प्रत्येक बिलामागे त्या तासाच्या घरात एक रेघ. चार आठवडे ही वही प्रामाणिकपणे भरली तर पुढचे सगळे हिशेब तिच्यावरही होतात.

१. रिपोर्ट काढून स्वच्छ करणे

रिपोर्ट मागताना तो बिलवार आहे की पदार्थवार, हे पाहून घ्यावे. पदार्थवार रिपोर्टमध्ये एका बिलावर चहा, आलूबोंडा आणि चना पोहा असे तीन पदार्थ असतील तर त्या बिलाच्या तीन ओळी येतात, आणि ओळी मोजल्या की गिऱ्हाईक तिप्पट दिसते. आपल्याला एका बिलाची एकच ओळ हवी.

फाइल उघडण्यापूर्वी गुगल शीट्समध्ये `File > Settings > Locale` येथे `India` निवडावे. तसे न केल्यास ५ जून ही तारीख ६ मे म्हणून वाचली जाऊ शकते आणि वार चुकतो. हा दोष ओळखण्याची खूण सोपी आहे: महिन्याच्या १२ तारखेनंतरच्या तारखा रकान्यात डावीकडे चिकटलेल्या आणि आधीच्या उजवीकडे गेलेल्या दिसल्या, तर तारखा चुकीच्या वाचल्या गेल्या आहेत. फाइल पुन्हा घ्यावी.

यानंतर बिलांच्या वेळा डोळ्यांखालून घालाव्यात. आपल्याकडे लाइन जाते, इन्व्हर्टरही उतरतो, मग बिले कागदी चिठ्ठीवर होतात आणि रात्री गल्ला मोजताना एकदम मशीनमध्ये टाकली जातात. रिपोर्टमध्ये ती सगळी रात्री ९ च्या सुमाराची दिसतात. एखाद्या दिवशी दुपारचे दोन-तीन तास कोरे आणि रात्री ९ नंतर एकेका मिनिटाच्या अंतराने पंचवीस बिले, असे दिसले की समजावे. चिठ्ठ्यांवर वेळ लिहिण्याची सवय काउंटरवरच्या माणसाला आजच लावावी. त्या वेळा पाहून रिपोर्टमधला तास हाताने दुरुस्त करता येतो. चिठ्ठ्याच नसतील तर तो दिवस हिशेबातून काढून टाकावा.

आणखी एक गोष्ट. टेबलावर बसणारे गिऱ्हाईक शेवटी पैसे देते, त्यामुळे बिलाची वेळ ही काम संपल्याची वेळ असते. स्वयंपाकघरावरचा ताण त्याआधी अर्धा-पाऊण तास येऊन गेलेला असतो. आपल्या सॉफ्टवेअरमध्ये किचनला जाणाऱ्या ऑर्डरची वेळ मिळत असेल तर तीच घ्यावी. आधी पैसे घेऊन मग पदार्थ देण्याची पद्धत असेल तर हा प्रश्न येत नाही.

२. वार आणि तास यांचा तक्ता

समजा A रकान्यात तारीख, B मध्ये वेळ आणि C मध्ये बिल क्रमांक आहे. D मध्ये वार आणि E मध्ये तास काढावा:

```
=WEEKDAY(A2,2)
=HOUR(B2)
```

पहिल्या सूत्रात सोमवार म्हणजे १ आणि रविवार म्हणजे ७ येतो. दुसऱ्यात सकाळी ११ ते १२ च्या सगळ्या बिलांना ११ हा आकडा मिळतो. दोन्ही सूत्रे खालपर्यंत ओढून घ्यावीत. आता गुरुवारी ११ ते १२ मध्ये सरासरी किती बिले होतात हे असे काढावे:

```
=COUNTIFS(D:D,4,E:E,11)/COUNTUNIQUE(FILTER(A:A,D:D=4))
```

भागाकाराच्या खालची बाजू म्हणजे त्या काळात कॅफे प्रत्यक्ष उघडा असलेले गुरुवार. आठ आठवडे आहेत म्हणून सरसकट आठने भागू नये, कारण त्यात एखादा गुरुवार बंद असू शकतो. एक्सेलमध्ये `COUNTUNIQUE` नाही, त्यामुळे त्यात उघडे गुरुवार बोटांवर मोजावेत आणि तो आकडा भागाकाराच्या खाली लिहावा. आमच्याकडे त्या आठ गुरुवारी ११ ते १२ मध्ये मिळून १७६ बिले झाली होती, म्हणजे सरासरी २२.

येथे पिव्होट टेबल वापरणारे अनेक जण `AVERAGE` निवडतात आणि फसतात. तो आकडा एका बिलाची सरासरी रक्कम सांगतो. त्या तासाला किती बिले होतात हे सांगत नाही.

मी रक्कम न घेता बिले मोजतो, याचे कारण आहे. वाढदिवसाचा केक ४५० रुपयांचा असतो, पण तो डब्यात घालून देण्याला पाच मिनिटे पुरतात. तितक्याच रकमेच्या चहा-पोह्यांना पोहे लावणे, तर्री वाढणे, चहा करणे, टेबले पुसणे आणि पेले धुणे असे कितीतरी काम असते. माणसे कामासाठी लागतात, म्हणून कामाच्या जवळचा आकडा धरावा. तुमच्याकडे काही तासांत एकेका बिलावर आठ-दहा पदार्थ आणि बाकीच्या तासांत एक-दोनच असतील, तर बिलांऐवजी पदार्थांचे नग मोजणे अधिक बरोबर ठरेल.

सरासरीकडेही डोळे मिटून पाहू नये. सात गुरुवारी ३० बिले आणि एका गुरुवारी सभेमुळे ७० झाली, तर सरासरी ३५ येते, आणि ३५ बिले एकाही गुरुवारी झालेली नसतात. असे दिवस बाजूला काढावेत. एकादशीचा परिणामही असाच लपतो. ती कोणत्याही वारी येते, त्या दिवशी पोहे पडून राहतात आणि साबुदाण्याची उसळ पुरत नाही, पण वारांच्या तक्त्यात ती कुठेच दिसत नाही. तिची नोंद वेगळी ठेवावी.

३. विक्री कमी होती, की माणसे कमी होती?

तक्ता तयार झाला की बहुतेक लोक लगेच पाळ्या लावायला बसतात. कृपया येथे थांबावे. बिलांचा आकडा आपण किती जणांना वाढू शकलो ते सांगतो. किती जण आले होते ते सांगत नाही. जो गर्दी पाहून परत फिरला, त्याचे बिल होत नाही.

आमच्या कॅफेत त्या काळी सकाळी ८ ते दुपारी ४ या पाळीत दोन आणि दुपारी १ ते रात्री ९ या पाळीत दोन माणसे होती, पाचवा रोज कोणीतरी सुट्टीवर. मी स्वतः सकाळी ८ ते १ काउंटरवर आणि पुन्हा संध्याकाळी ७ पासून गल्ला मिळवेपर्यंत असतो. गुरुवारच्या ओळीत असे आकडे दिसले: ११ ते १२ मध्ये २२ बिले, १२ ते १ मध्ये २३, आणि १ ते २ मध्ये ३०.

हे पाहून कोणीही म्हणेल की बाजाराचे गिऱ्हाईक दुपारी १ नंतर वाढते. पण हजेरी रजिस्टर शेजारी ठेवले की वेगळेच दिसते. गिऱ्हाईक १ वाजता वाढलेले नव्हते, १ वाजता माणसे वाढलेली होती. त्याआधीचे दोन्ही तास एकाच उंचीवर अडकले होते, कारण तीन माणसांच्या हातून तेवढीच बिले निघत होती. बाजाराला आलेला शेतकरी वांगी-टमाटर विकून, बी-बियाण्याच्या दुकानात डोकावून, ११ वाजल्यापासूनच चहा-बोंड्याला येत होता आणि उभे राहायलाही जागा नाही हे पाहून समोरच्या बंडीवर जात होता.

हे तपासण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला, तक्त्यात लागोपाठच्या तासांचे आकडे जवळजवळ सारखे असतील आणि पाळी बदलताच आकडा उडी मारत असेल, तर विक्रीला माणसांची मर्यादा पडली आहे. दुसरा, काउंटरवर एक कागद ठेवून दारातून परत फिरणाऱ्या प्रत्येक घोळक्यासाठी एक रेघ ओढावी. हे काम दोन बाजारांचे दिवस केले तरी पुरते. तिसरा मार्ग सर्वांत खात्रीचा: त्या तासांना तात्पुरती माणसे वाढवून पाहावे. आम्ही काही गुरुवार कोणालाही सुट्टी दिली नाही आणि दुसरी पाळी १ ऐवजी ११ ला बोलावली. ११ ते १२ ची बिले ३१ वर गेली, १२ ते १ ची ३४ वर, आणि १ ते २ ची २९ वर राहिली. म्हणजे खरी गर्दी १२ ते १ ची होती, जी जुन्या तक्त्यात कुठेही दिसत नव्हती.

असेच संध्याकाळी ५ ते ६ मध्ये झाले. कॉलेज आणि ट्युशनची मुले त्या वेळी येतात. दोन माणसांवर तो तास १५ बिलांवर अडकलेला होता, तिसरा माणूस दिल्यावर १९ झाली.

उलट दिशेनेही हे लक्षात ठेवावे. आकडा कमी दिसतो म्हणून माणूस काढला, की आकडा आणखी उतरतो, आणि मालकाला आपला निर्णय बरोबर होता असे वाटू लागते.

४. बिलांवरून माणसे काढणे

अडकलेल्या तासांचा एक उपयोग मात्र होतो. त्या तासात प्रत्येक जण पूर्ण ताकदीने काम करत होता, म्हणून एका बिलामागे किती श्रम लागतात हे त्यातून कळते. तासाची ६० मिनिटे कामाची धरू नयेत. पाणी भरणे, सिलिंडर बदलणे, फरशी पुसणे यात वेळ जातोच, म्हणून मी ४५ धरतो. तीन माणसांची मिळून १३५ मिनिटे झाली आणि बिले २२, म्हणजे एका बिलाला सुमारे ६ मिनिटे. हा आकडा आमचा आहे. तुमच्याकडे पिझ्झा-बर्गर जास्त असेल तर तो मोठा येईल, नुसता चहा-कॉफी असेल तर लहान. तो स्वतःच्या कॅफेतूनच काढावा.

मग हिशेब असा होतो: बिले गुणिले ६, भागिले ४५. गुरुवारी १२ ते १ मध्ये ३४ गुणिले ६ म्हणजे २०४ मिनिटे, भागिले ४५ म्हणजे साडेचार, म्हणून पाच माणसे. अपूर्णांक पाव किंवा त्याहून कमी असेल तर मी खाली घेतो, जास्त असेल तर वर. आणि कितीही सामसूम असली तरी दोनपेक्षा कमी माणसे ठेवत नाही, कारण एकटा माणूस एकाच वेळी गल्ला आणि तेलाची कढई सांभाळू शकत नाही.

| तास | सोमवार बिले | माणसे | गुरुवार बिले | माणसे |
|---|---|---|---|---|
| ८–९ | १६ | २ | १४ | २ |
| ११–१२ | ११ | २ | ३१ | ४ |
| १२–१ | ९ | २ | ३४ | ५ |
| १–२ | ७ | २ | २९ | ४ |
| २–३ | ५ | २ | २२ | ३ |
| ५–६ | १९ | ३ | २४ | ३ |
| ७–८ | १२ | २ | ८ | २ |

शेवटची ओळ पाहण्यासारखी आहे. इतर दिवशी संध्याकाळी गावातले लोक येतात, पण बाजाराच्या दिवशी खेड्यांवरून आलेली माणसे अंधार पडण्याआधी गाडी पकडतात आणि ७ नंतर कॅफे सोमवारपेक्षाही रिकामा असतो. गुरुवारी जास्त माणसे हवीत हे सर्वांनाच ठाऊक असते. ती कोणत्या तासांना नकोत हे तक्त्याशिवाय कळत नाही.

५. प्रत्यक्ष पाळ्या लावणे

पाच कामगारांना अ, ब, क, ड, इ म्हणू. प्रत्येकाला आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुट्टी, रोज आठ तास, म्हणजे आठवड्याला ४८ तास. गुरुवारी आणि रविवारी पाचही जण कामावर, कारण रविवारी संध्याकाळी कुटुंबे येतात. उरलेल्या पाच दिवसांत एकेकाची सुट्टी बसते.

साध्या दिवशी चार जण असतात. पहिला ८ ते ४, दुसरा १० ते ६, तिसरा आणि चौथा १ ते ९. सकाळी ८ ते १० पहिल्यासोबत मी असतो. ४ ते ६ मध्ये तिघे जण मिळतात, जिथे पूर्वी दोघेच होते. दुपारी १ ते ४ मध्ये चार जण होतात, आणि तक्त्याप्रमाणे तेथे दोघेच पुरेसे आहेत. आठ तासांच्या पाळीत हे पूर्ण टाळता येत नाही. म्हणून सर्वांची जेवणे, बटाटे उकडणे, चटणी वाटणे आणि फ्रीज पुसणे ही कामे आम्ही याच वेळेत बांधून दिली आहेत, त्यामुळे ५ च्या गर्दीला किचन तयार असते.

गुरुवारी अ ८ ते ४, ब ९ ते ५, क १० ते ६, ड ११ ते ७ आणि इ १ ते ९. ११ ते १२ मध्ये कामगार चार होतात, १२ ते १ मध्ये माझ्यासह पाच, ५ ते ६ मध्ये तीन, आणि ७ नंतर इ आणि मी असे दोन. अ चे जेवण ११ च्या आत उरकते, बाकीच्यांचे अडीचनंतर. ११ ते २ मध्ये कोणीही जेवायला बसत नाही, हा नियम गुरुवारपुरता कडक आहे.

कागदावर नेमका बसलेला तक्ता प्रत्यक्षात मोडतो तो बहुधा गाडीमुळे. कामगार आसपासच्या खेड्यांतून येतात. ज्याच्या गावाला शेवटची एस.टी. संध्याकाळी साडेसातला आहे, त्याला ९ पर्यंतची पाळी देऊन उपयोग नाही. तो आठवडाभर निभावेल आणि मग येणे बंद करेल. म्हणून नावे भरण्याआधी प्रत्येकाला जाण्या-येण्याची सोय विचारावी. आमच्याकडे किचनमधल्या ताई कायम सकाळच्या पाळीत आहेत आणि बंद करण्याची पाळी गावातच राहणाऱ्या मुलांमध्ये फिरते. पुढच्या आठवड्याच्या पाळ्या शनिवारी लिहून किचनच्या दाराला लावाव्यात, म्हणजे अदलाबदल करायची असेल तर ती आधीच होते.

६. तक्ता कधी बदलावा

आठ आठवड्यांचा तक्ता वर्षभर चालत नाही, आणि एकाच तक्त्यात दोन हंगाम मिसळू नयेत. मे महिन्यात दुपारी १२ ते ५ रस्त्यावर माणूस नसतो आणि कॅफे रात्री चालतो. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात, म्हणून पुण्या-मुंबईचे पाहून १५ जूनपासून संध्याकाळचा माणूस वाढवण्याचे कारण नाही. पेरणीच्या दिवसांत बाजारही विरळ असतो. दिवाळीच्या आसपास कापूस निघू लागला की जिनिंग आणि बाजार समितीकडे येणाऱ्या गाड्यांमुळे सकाळचे तास बदलतात. या प्रत्येक वळणावर शेवटच्या चार आठवड्यांचा नवा तक्ता काढून जुन्याशेजारी ठेवावा. एखाद्या तासाला माणसांचा आकडा एकाने बदलत असेल तरच पाळी हलवावी. दोन-चार बिलांच्या फरकासाठी लोकांच्या वेळा हलवू नयेत.

शेजारच्या गावाचा बाजार कोणत्या वारी असतो, हेही तक्त्याच्या वर लिहून ठेवावे. आमच्याकडे मंगळवार दुपारी विनाकारण पडलेला वाटत होता. त्या दिवशी जवळच्या गावात बाजार असतो आणि आपले नेहमीचे गिऱ्हाईक तिकडे गेलेले असते. एका कामगाराची साप्ताहिक सुट्टी आम्ही तेव्हापासून मंगळवारी ठेवली आहे.